मागच्या भिंतीसाठी वीट पारखताना : रंग, आवाज आणि पाणी

३ फेब्रुवारी

घराची मागची भिंत नव्याने घ्यायची आहे. जुनी दगडमातीची होती, न्हाणीच्या बाजूने वर्षानुवर्षं ओल खाऊन पोट काढून बसली होती, ती उतरवली. नवी भिंत १८ फूट लांब, ९ फूट उंच, जाडी ९ इंच. म्हणजे साधारण १२१ घनफूट. आमच्या गंगाखेड भागात मिळणारी वीट ९ बाय ४ बाय ३ इंचांच्या आसपास असते. सिमेंट-वाळूच्या मालाचा सांधा धरला तर घनफुटाला बारा-सव्वाबारा विटा बसतात. हिशेब दीड हजाराजवळ जातो. फूटतूट धरून १,६०० घ्यायचं ठरवलं.

एवढ्याशा कामासाठी कोणी प्रयोगशाळेत वीट पाठवत नाही. मिस्त्रीचं म्हणणं, दोन विटा एकमेकींवर मारायच्या, वाजली की घ्यायची. पण ही भिंत न्हाणीला लागून आहे आणि जुनी भिंत पाण्यानेच गेली. म्हणून रंग आणि आवाज भट्टीवर बघायचा, पाण्याची परीक्षा घरी घ्यायची आणि मगच इसार द्यायचा.

५ फेब्रुवारी

तीन भट्ट्या पाहिल्या. नावं लिहीत नाही. एक नदीकाठची, ती गोदावरीच्या गाळाची माती वापरते. दुसरी नाक्याजवळची, तिची माती तांबूस, मुरमाड. तिसरी माळावरची. तिथे काळी माती आणि परळीच्या औष्णिक केंद्राची राख मिसळतात, असं मालकानेच सांगितलं. घरपोच हजारी भाव अनुक्रमे ८,०००, ७,००० आणि ६,८०० रुपये.

रंगात नाक्याजवळची वीट सरळ पुढे. लालबुंद, बघताक्षणी घ्यावीशी वाटणारी. नदीकाठची विटकरी, थोडी करपट छटा असलेली. माळावरची फिकी, पिवळसरपणाकडे झुकणारी. बरोबर आलेले काका माळावरच्या भट्टीत उतरलेच नाहीत. "कच्ची आहे रे, लांबूनच दिसतंय," म्हणाले.

इथेच रंग फसवतो. विटेला लाली येते ती मातीतल्या लोहामुळे. तांबड्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे वीट पुरती भाजली नसली तरी लाल दिसते. काळ्या मातीत चुन्याचा अंश जास्त. भाजताना चुना त्या लोहाला बांधून टाकतो आणि वीट पक्की होऊनही फिकीच राहते. राखेने रंग आणखी उतरतो. म्हणून एका भट्टीच्या विटेचा रंग दुसऱ्या भट्टीच्या विटेशी लावून काही कळत नाही. रंग बघायचा तो एकाच भट्टीच्या विटा शेजारी शेजारी ठेवून. एकाच मातीच्या दोन विटांत जी फिकी, ती कमी भाजलेली. एवढ्या बाबतीत रंग खरं बोलतो.

भट्टी रचतात कशी ते एकदा उभं राहून बघावं. कच्च्या विटांचा ढीग, मधेमधे कोळसा आणि भुसा, बाहेरून मातीचा लेप. आगीच्या तोंडाजवळच्या विटा जळून वाकड्या होतात, कधी वितळून एकमेकींना चिकटतात. मधल्या चांगल्या निघतात. कडेच्या आणि वरच्या थरातल्या अर्धकच्च्या राहतात. तीन दर्जाचा माल एकाच भट्टीतून, एकाच दिवशी बाहेर पडतो. रस्त्याकडेला चट्टा लावलेला असतो, त्याच्या दर्शनी विटा निवडलेल्या असतात. मी प्रत्येक ठिकाणी चट्ट्याच्या पोटातून, खालून आणि कडेने मिळून पाच विटा काढून घेतल्या. नदीकाठच्या मालकाने पैसे घेतले नाहीत, बाकी दोघांनी विटेमागे दहा रुपये लावले. रास्तच आहे.

प्रत्येक ठिकाणची एक जास्तीची वीट तिथेच फोडून आतला रंग पाहिला. नदीकाठची आतून बाहेरून सारखी. माळावरच्या विटेच्या पोटात काळपट पट्टा होता. मातीत भुसा किंवा कोळशाची भुकटी मिसळलेली असली आणि आत हवा पुरेशी पोचली नाही, की असा काळा गाभा राहतो. तेवढ्यावरून वीट टाकून देऊ नये. त्या काळ्या भागावर खिळा ओढून बघावा. इथे नुसती पांढरी रेघ उठली, ओरखडा खोल गेला नाही. नाक्याजवळच्या लाल विटेच्या मध्यावर मात्र खिळ्याने चर पडला आणि भुकटी हाताला लागली.

६ फेब्रुवारी

आवाज.

वीट मुठीत गच्च धरून मारली तर चांगली वीटही भद्द वाजते, कारण नाद हातातच मरतो. दोन्ही विटा टोकाशी, अंगठा आणि दोन बोटांत सैल धरायच्या आणि रुंद बाजूने हलकेच टेकवायच्या. पक्की वीट खणखणीत वाजते आणि आवाज क्षणभर रेंगाळतो. कच्ची ठोकळ्यासारखी वाजते.

माळावरची, जिला काकांनी लांबूनच कच्ची म्हटलं होतं, ती सगळ्यात छान वाजली. नदीकाठच्या पाचपैकी चार खणखणीत, पाचवीचा आवाज फुटका. तिच्यावर पाणी शिंपडून पुसलं तेव्हा केसासारखी बारीक चीर ओली राहून उठून दिसली. भाजणीचा दोष नाही, चीर आहे. नाक्याजवळच्या पाचही भद्द.

त्या भट्टीवर काल निघतानाच मुकादम म्हणाला होता, "मास्तर, सकाळी पाणी मारलंय चट्ट्यावर, म्हणून आवाज दबतो. वाळू द्या, मग बघा." त्याचं म्हणणं खोटं नाही. ओली वीट नीट वाजत नाही. म्हणजे भद्द आवाजाची तीन कारणं झाली: कमी भाजलेली, चिरलेली किंवा ओली. कानाला तिन्ही सारखीच लागतात. ओल काढून टाकल्याशिवाय उरलेल्या दोघांचा निवाडा होत नाही. सगळ्या विटा पत्र्यावर उन्हात मांडल्या.

वीट टाकून बघण्याची परीक्षाही केली. कमरेएवढ्या उंचीवरून, कडक जमिनीवर, आडवी. नदीकाठची आणि माळावरची वाचल्या. नाक्याजवळची दोन तुकडे झाली, कडा भुगा होऊन पडल्या.

७ ते ९ फेब्रुवारी

वजनासाठी शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा रात्री दुकान बंद झाल्यावर वापरायला मिळाला. पाच ग्रॅमपर्यंत दाखवतो. अडीच किलोच्या वस्तूला तेवढं पुरतं.

पद्धत सोपी आहे. कोरडी वीट तोलायची, २४ तास स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची, काढून ओल्या फडक्याने पुसायची आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. साध्या विटेला भारतीय मानक १०७७ प्रमाणे हा आकडा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि तो पाच विटांच्या सरासरीचा धरतात. प्रयोगशाळेत वीट आधी १०५ ते ११५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. आपल्याकडे ऊन आहे. फेब्रुवारीत मराठवाड्याची हवा कोरडी, पत्रा तापतो, तेही बरंच काम करतं.

सगळा घोळ "कोरडी" या शब्दात होतो. नाक्याजवळची एक वीट आणल्या दिवशी तोलली होती, २ किलो ७८० ग्रॅम. तीच वीट पत्र्यावर वाळवत ठेवली आणि रोज संध्याकाळी तोलली. दोन संध्याकाळी वजन सारखं आलं तेव्हा काटा २ किलो ६२० वर होता. म्हणजे १६० ग्रॅम पाणी ती भट्टीवरूनच पोटात घेऊन आली होती. नंतर २४ तास बुडवून काढली, तेव्हा ३ किलो १५० भरली.

आता आणलेल्या दिवसाचं वजन धरलं तर वाढ ३७० ग्रॅम, म्हणजे १३.३ टक्के. उत्तम वीट! वाळवल्यानंतरचं वजन धरलं तर वाढ ५३० ग्रॅम, म्हणजे २०.२ टक्के. वीट तीच, पाणी तेच, काटाही तोच. चट्ट्यावर सकाळी पाणी मारलेलं असेल तर विटा आणल्या आणल्या बुडवून काढलेला आकडा भट्टीवाल्याच्याच बाजूने पडतो. मुद्दाम कोणी करतो असं म्हणत नाही. उन्हाळ्यात धूळ बसवायलाही पाणी मारतात.

नदीकाठची वीट कोरडी २ किलो ६१०, भिजून ३ किलो ५५. वाढ ४४५ ग्रॅम, १७ टक्के. माळावरची २ किलो ५६० वरून २ किलो ९७० वर गेली, १६ टक्के. बाकीच्या विटांचे आकडे या दोघींच्या आसपासच, एखाद टक्का इकडेतिकडे. नाक्याजवळच्या विटांची सरासरी मात्र २१ च्या वर गेली.

हा फरक आकडे मांडायच्या आधीच ड्रममध्ये दिसला होता. नाक्याजवळची वीट पाण्यात सोडल्याबरोबर फसफसली. सगळ्या अंगातून बुडबुड्यांची दाट माळ वर आली आणि पाच-सात मिनिटांत जोर ओसरला. नदीकाठच्या विटेतून बुडबुडे बारीक, ठिकठिकाणाहून एकेरी येत राहिले, बराच वेळ. भोकं मोठी आणि मोकळी असली की पाणी धावत आत शिरतं. मिस्त्री बाजूला बसून बघत होता. "भिंत काय हौदात बांधायची हाय का, मास्तर?" म्हणाला. पण लाल विटेचं फसफसणं पाहून स्वतःच तिच्यावर नख ओढून बघितलं.

उन्हात वाळवलेल्या विटेत थोडी ओल राहतेच. त्यामुळे घरी काढलेला आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमीच येणार. म्हणून मी माझी हद्द २० ऐवजी १८ धरली. त्या हिशेबाने नाक्याजवळची भट्टी बाद. वाळल्यावर तिचा आवाज थोडा सुधारला, पण खणखणला नाहीच.

आकडा कमी तितका चांगला, असंही नाही. नदीकाठच्या भट्टीवरून आगीच्या तोंडाजवळची एक काळपट वीट कुतूहल म्हणून आणली होती. ती जेमतेम ८ टक्के पाणी प्यायली आणि वाजली तर अगदी लोखंडासारखी. पण तिच्या पाठीला बाक, कडा वितळलेल्या, अंग काचेसारखं गुळगुळीत. अशा विटेला माल धरत नाही आणि वाकडेपणा झाकायला सांधा जाड घ्यावा लागतो. पायात भर म्हणून ठीक, भिंतीत नको.

१२ फेब्रुवारी

माळावरची वीट घ्यायची असं जवळपास ठरलं होतं. स्वस्त, आवाजाला पहिली, पाण्यातही पास. बुडवून काढलेल्या विटा ओल्या पोत्याखाली तशाच ठेवून दिल्या होत्या. आज पोतं काढलं.

माळावरच्या पाचपैकी तीन विटांवर पांढरे ठिपके उठले आहेत. एकीच्या रुंद बाजूवर चवलीएवढा पापुद्रा उडून खड्डा पडला आहे आणि त्या खड्ड्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा, मऊ गोळा. नखाने उकरला तर लोण्यासारखा पसरला. चुना आहे.

काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. माती चाळून घेतली नाही तर तेच खडे विटेत जातात. भट्टीत भाजून त्यांची चुनकळी होते, आणि चुनकळीला पाणी लागलं की ती फुगते. वीट बाहेरून पक्की असली तरी आतून फुटते. हे एका दिवसाच्या भिजवणीत दिसेलच असं नाही, चार-पाच दिवस ओल ठेवावी लागते. खिळा, आवाज आणि २४ तासांचं पाणी, या तिन्ही परीक्षा ती वीट पास झाली होती. न्हाणीच्या भिंतीत बसली असती तर पावसाळ्यात प्लास्टरवर फोड आले असते.

मालकाला फोनवर सांगितलं. त्याने नाकारलं नाही. "चाळण लावली तर मजुरी परवडत नाही. तुम्ही चार दिवस चट्ट्यावर सारखं पाणी मारा, फुटायच्या त्या फुटून जातील, राहतील त्या पक्क्या," म्हणाला. उपाय खरा आहे. ताजी वीट पाण्यात मुरवून चुना आधीच विझवून घेण्याची रीत आहेच, आणि ज्याच्याकडे जागा, पाणी आणि वेळ आहे त्याला जमेलही. फुटलेल्यांची भरपाई तो देणार नव्हता आणि आमच्या बोअरला सध्या तासभरच पाणी येतं. सोडली.

नदीकाठच्या विटांवर एकही ठिपका नाही. गाळाची माती पाण्याने आधीच बारीक करून आणलेली असते, खडे त्यात क्वचितच येतात.

१४ फेब्रुवारी

नदीकाठच्या भट्टीला १,६०० विटांचा इसार दिला, दोन हजार रुपये. नाक्याजवळच्या भावापेक्षा एकूण १,६०० रुपये जास्त जातात. मालकाशी दोन गोष्टी तोंडी ठरल्या, मिस्त्रीच्या समोर. ट्रॉली पलटी करायची नाही, विटा हाताने उतरवून चट्टा लावायचा. आणि खिळ्याने चर पडेल ती वीट परत. उतरवण्याची मजुरी वेगळी चारशे रुपये. ट्रॉली पलटी केल्यावर तुकड्यांत जेवढं जातं त्यापेक्षा ती स्वस्त पडते.

१८ ते २० फेब्रुवारी

पहिल्या ट्रॉलीत ८०० आल्या. चांगल्या निघाल्या.

दुसरी ट्रॉली संध्याकाळी आली आणि वरचे दोन थर उतरल्यावर खाली रंग बदलला. एकाच मातीच्या विटा असल्याने इथे रंग कामाला आला. विटकरी विटांमध्ये नारिंगी, फिकट विटा लांबूनच वेगळ्या दिसत होत्या. भट्टीच्या कडेच्या थरातला माल. वाजवल्या, भद्द. कोरड्याच होत्या, म्हणजे ओलीचं कारण उरलं नाही. खिळा ओढला, चर पडला. ट्रॉलीवाला घाईत होता. म्हणाला, "घ्या मास्तर, आतल्या बाजूला लावा, कोण बघतंय?" नमुन्याची एक वीट मुद्दाम जपून ठेवली होती, ती शेजारी ठेवून मालकाला फोटो पाठवला. अंधार पडेपर्यंत निवडानिवड चालली. नव्वदच्या आसपास बाजूला काढल्या. मालकाने दोन दिवसांनी बदलून दिल्या, पण तेवढ्यासाठी मिस्त्रीचा एक खाडा पडला आणि तो मलाच भरावा लागला.

ट्रॉलीत मधे आणि खाली काय आहे ते उतरवताना बघितलं तरच कळतं. चट्टा लागून गेला की कडेच्या विटा आत दडतात.

२१ आणि २२ फेब्रुवारी

काम सुरू करायच्या आधी मिस्त्रीशी एका गोष्टीवर वाद. त्याला विटांवर नळीने पाणी मारून लगेच लावायच्या होत्या. मी म्हटलं, ड्रममध्ये बुडवून घेऊ. १७ टक्के पाणी पिणारी वीट कोरडी लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेणार, आणि पाण्यावाचून सिमेंट जमणार नाही.

वाद मिटवायला जोत्याच्या कोपऱ्यावर दोन विटा त्याच्या पद्धतीने लावल्या आणि दोन बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून, वरचं पाणी निथळू देऊन लावल्या. माल एकच, एका सिमेंटला सहा वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः थापीच्या दांड्याने ठोकलं. नुसतं पाणी मारलेली वीट सुटून हातात आली, तळाला मालाची कोरडी भुकटी. भिजवलेली हलली नाही. नंतर त्याने पोराला सांगून दोन ड्रम भरून घेतले. एक अट त्याचीही बरोबर होती: थेट पाण्यातून काढलेली, टपटपणारी वीट लावायची नाही, ती मालावर सरकते आणि ओळंब्यातून बाहेर जाते.

२३ फेब्रुवारी

जोत्यावर ओल अडवणारी काँक्रीटची पट्टी आधीच झाली आहे. तिच्यावरचे पहिले सहा थर वेगळ्या निवडलेल्या विटांचे घेतले. चट्ट्यातून गडद पण सरळ विटा वाजवून काढल्या, त्यातल्या दोन बुडवून तोलल्या तर १२-१३ टक्क्यांवर आल्या. न्हाणीचं पाणी उडतं ते दीड-दोन फुटांपर्यंत, तिथे कमी पिणारी वीट असलेली बरी. वरच्या भिंतीला सगळा माल चालतो.

९ मार्च

भिंत पूर्ण होऊन पाणी मारणंही संपलं. खालच्या दोन-तीन थरांवर पांढुरकी पावडर आली आहे. आधी चुनाच वाटला, पण पापुद्रा उडालेला नाही, खड्डा नाही, आणि जिभेला खारट लागतं. क्षार आहेत. ओल बाहेर येताना घेऊन आली. कोरड्या ब्रशने झाडून काढले. पाण्याने धुतले असते तर विरघळून पुन्हा आत गेले असते. झाडलेल्या जागी परत किती येतात ते बघून प्लास्टर घेणार आहे, तोवर उघडीच ठेवतो.

साठेक विटा उरल्या. विटा घरपोच १२,८०० रुपये, उतरवणावळ ४००, नमुन्याच्या विटांचे १२०, खाड्याचे ९००. नदीकाठच्या मालकाने परवा फोन केला होता. पुढच्या भट्टीच्या विटाही तोलून द्याल का, म्हणून विचारत होता.